कॉफी, कॅल्शियम आणि साठीनंतरची हाडं: आधी काय, मग काय

"हाडं ठिसूळ झालीत म्हणाले, म्हणून मी कॉफी सोडली." पुण्यात आहारसल्ल्याचं काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. पुढची गोष्टही ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चौथ्या दिवशी चिडचिड होते आणि पंधरवड्यात कॉफी परत येते. मधल्या काळात हाडांसाठी दुसरं काहीच झालेलं नसतं. ज्यांना कॉफी खरंच सोडता आली, त्यांच्या पोटातही कॅल्शियम होतं तेवढंच जात राहतं, कारण कॉफीची जागा दुधाने नाही, पाण्याने किंवा ग्रीन टीने घेतलेली असते.

चूक क्रमात आहे. कॉफी कमी करणं ही या कामातली पाचवी पायरी आहे आणि बहुतेकजणी तिथून सुरुवात करतात. पाळी थांबलेल्या आणि दिवसाला तीन किंवा जास्त कप कॉफी घेणाऱ्या बायकांसाठी हा क्रम लिहिला आहे. सोबत माझ्या मावशीचा हिशेब देते. वय ६८, राहायला कोथरूडला, गेल्या पावसाळ्यात जिन्यात घसरून मनगट मोडलं. मग कळलं की हाडांची घनता आधीच उतरलेली होती.

सूचना: मुतखडा होऊन गेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असेल, तर खालचा कॅल्शियम वाढवण्याचा टप्पा ३ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

## तयारी: टेबलावर काय काय लागेल

एक मापाचा कप, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. सगळ्या म्हणजे सगळ्या: थायरॉइडची, ॲसिडिटीची, रक्तवाढीची आणि "ती आठवड्यातून एकदाची" सुद्धा. मावशीने पहिल्यांदा तीनच स्ट्रिप्स आणल्या. चौथी देवघराच्या खणात होती, कारण ती रविवारी पूजेआधी घ्यायची असते. पुढे निघालेली सगळ्यात मोठी चूक त्या चौथ्या स्ट्रिपमध्येच होती.

वहीत तीन दिवसांचं खाणंपिणं लिहा. त्यातला एक दिवस उपवासाचा हवा. तीन साधे दिवस लिहून आणले तर चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसतं.

डॉक्टरांना भेटणार असाल तर रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड या तपासण्यांचे जुने रिपोर्ट असल्यास काढून ठेवा.

## टप्पा १: तुमचा 'एक कप' नेमका किती, ते मोजा

"दोन-तीन कप होतात" या उत्तराला अर्थ नाही. कुणाचा कप पेल्याएवढा, कुणाचा मुलाने परदेशातून आणलेल्या मगाएवढा. हाडांच्या हिशेबात कप नाही, कॅफीन मोजायचं असतं.

इन्स्टंट कॉफीसाठी सोपी युक्ती आहे. एक चमचा काट्यावर ठेवला तर काटा नीट दाखवत नाही, म्हणून तुम्ही रोज घेता तसेच दहा चमचे एका वाटीत काढा, वजन करा आणि दहाने भागा. मावशीचे दहा चमचे २८ ग्रॅम भरले, म्हणजे एका चमच्यात जवळजवळ तीन ग्रॅम. शीग लावून भरायची सवय. तोच चमचा सुरीने सपाट करून दहा वेळा भरला तर १८ ग्रॅम झाले. हे दोन्ही आकडे वहीत लिहा, पाचव्या टप्प्यात लागतील.

निव्वळ इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन धरा. चिकोरी मिसळलेली असेल तर पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. चिकोरीत कॅफीन नसतं, म्हणून तेवढा भाग वजा करा. फिल्टर कॉफीवाल्यांनी मात्र चमचे मोजू नयेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीला ८० ते १२० आणि तेवढ्याच चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं आहे. तेच वापरा.

मावशीचा दिवस असा निघाला: पाच मग कॉफी, प्रत्येकी सुमारे ८४, म्हणजे ४२०. दुपारी शेजारणीकडे आणि संध्याकाळी कट्ट्यावर मिळून दोन कटिंग चहा, त्याचे ४० धरले. एकूण ४६०. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० सांगितली आहे.

तपासा: चहा हिशेबात आला का? "मी चहा घेतच नाही, फक्त कुणी दिला तर" असं म्हणणाऱ्यांना पुण्यात दिवसाला दोनदा तरी कुणीतरी देतंच.

## टप्पा २: जमाखर्च मांडा

मूत्रपिंडं रक्त गाळताना बाहेर आलेलं बहुतेक कॅल्शियम परत आत ओढून घेतात. कॉफी प्यायल्यावर काही तास ही ओढ थोडी सैल पडते आणि एरवी परत आलं असतं ते थोडं कॅल्शियम लघवीवाटे निघून जातं. आतड्यातलं शोषणही जरासं कमी होतं. तरुणपणी इस्ट्रोजेन ही गळती आवरायला मदत करतं. पाळी थांबली की ती मदत जाते, म्हणून हा विषय पन्नाशी-साठीनंतरचा आहे.

पण गळती आहे किती? एका साध्या कपामागे साधारण ५ मिलिग्रॅम. मावशीच्या ४६० मिलिग्रॅम कॅफीनला दिवसाचे २५ धरू. हे अंगी लागलेल्या कॅल्शियमचे २५ आहेत. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी या वयात पावभागच अंगी लागतो असं धरलं, तर २५ भरून काढायला १०० मिलिग्रॅम खावे लागतील. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० असतात. म्हणजे दिवसभराच्या कॉफीचं सगळं देणं एका छोट्या वाटीभर दुधात फिटतं.

हे ऐकून मावशी म्हणाली, "मग इतका गाजावाजा कशाला?"

त्याचं उत्तर जमेच्या बाजूला आहे. तिची तीन दिवसांची वही उघडली तेव्हा साध्या दिवसाचा हिशेब असा लागला:

- दोन मग दुधाची कॉफी, प्रत्येकात ६० मिलिलिटर दूध: १४०
- जेवणात पातळ ताक, त्यातलं दही जेमतेम ५० ग्रॅम: ६०
- चार फुलके: ३५
- वरण: २०
- भाज्या: ६५
- भात आणि बाकी किरकोळ: १५

सगळं मिळून ३३५. पाळी थांबलेल्या बाईसाठी भारतात शिफारस आहे १२०० मिलिग्रॅमची. रोजची तूट जवळजवळ साडेआठशेच्या वर. कॉफीमुळे जाणारे शंभर त्यात मिळवले तरी मुख्य भोक दुसरीकडेच आहे.

आता बाकीच्या तीन मगांकडे पाहा. ते काळे होते. दोन वर्षांपूर्वी वजन आणि साखर वाढली म्हणून कुणीतरी सांगितलं आणि मावशीने तीन कपांतलं दूध बंद केलं. प्रत्येकी ६० मिलिलिटर म्हणजे १८० मिलिलिटर दूध आणि त्यातले २१५ मिलिग्रॅम कॅल्शियम रोजच्या ताटातून गेलं. कॉफीने जेवढं नेलं त्याच्या दुपटीहून जास्त कॉफीतून काढलेल्या दुधाने नेलं. काळी कॉफी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात मला हेच दिसतं, आणि दोष मात्र कॅफीनवर जातो.

उपवासाचा दिवस तर आणखी वाईट होता. सकाळपासून काळी कॉफी (दूध घालून चालतं, पण "काळीने भूक लागत नाही"), दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी केळं. साबुदाण्यात कॅल्शियम नावालाच असतं. दिवसाचा आकडा शंभरच्या आसपास आला. सोमवार आणि चतुर्थी मिळून महिन्यातले पाच-सहा दिवस असे जात होते.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. अमेरिकेत १९९४ साली पाळी थांबलेल्या बायकांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला दोन-तीन कपांहून जास्त कॉफी घेणाऱ्यांची हाडं लवकर झिजली, पण ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम सुमारे ७५०च्या खाली होतं त्यांचीच. स्वीडनमध्ये ६१ हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली आले: चार किंवा जास्त कप घेणाऱ्यांची घनता दोन ते चार टक्क्यांनी कमी होती, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. तिथल्या ताटात दूध-चीज भरपूर असतं हे विसरू नका. मावशीचं ३३५चं ताट घेऊन स्वीडनचा दिलासा वापरता येत नाही.

नेहमीची चूक: पालकाचे आकडे धरणं. पालकातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं कॅल्शियम जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. पालक खा, पण या वहीत त्याला शून्य लिहा.

## टप्पा ३: आधी भरा, कॉफीला हात लावू नका

या टप्प्याला पूर्ण दोन आठवडे द्या. कॉफी तेवढीच ठेवा. दोन्ही गोष्टी एकदम सुरू केल्या की डोकेदुखीच्या दिवशी दोन्ही सुटतात.

मावशीचे बदल या क्रमाने झाले.

1. तिन्ही काळ्या मगांत ६० मिलिलिटर दूध परत आलं, साखरेशिवाय. २१५ वाढले. साखर बंद करा असं सांगितलं होतं. दूध बंद करा असं कुणी डॉक्टर बोललेच नव्हते. वजनाची काळजी असेल तर साय काढलेलं दूध घ्या, साय काढल्याने कॅल्शियम जात नाही.
2. दुपारच्या पातळ ताकाऐवजी दीडशे ग्रॅम दह्याची वाटी. १२० वाढले.
3. रात्रीच्या दोन फुलक्यांच्या जागी नाचणीची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची. २०० वाढले. नाचणीतलं सगळं दुधाइतकं अंगी लागत नाही हे खरं, पण रोज खाल्ली तर तिचा हातभार मोठा असतो. भाकरी थापणं मनगटामुळे जमत नव्हतं, म्हणून पहिले दोन महिने तिने तव्यावर घावनासारखी पातळ ओतली.
4. जेवणात दोन चमचे तिळाची चटणी. दहा ग्रॅम तिळात कागदावर १२५ च्या आसपास येतात, पण तिळाच्या सालीत ऑक्झलेट असतं, म्हणून मी निम्मेच, ६० लिहिले.
5. पाच वाजता दीडशे मिलिलिटर दूध. १८० वाढले.

बेरीज १११०. उपवासाला राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, वाटीभर दही आणि कॉफी दुधाची.

दूध पचत नसेल तर दही आणि ताक बहुतेकींना चालतं. मासे खाणाऱ्यांनी मांदेलीसारखे काट्यासकट खाता येणारे छोटे मासे घ्यावेत. कॅल्शियम काट्यात असतं, म्हणून सुरमईच्या तुकडीला या वहीत जागा नाही. मंडईत शेवग्याचा पाला मिळाला तर आणा. मेथीपेक्षा तो उजवा आणि पालकापेक्षा फारच.

तपासा: दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस लिहा. हजाराच्या आत आकडा असेल तर पुढे जाऊ नका, आधी हेच दुरुस्त करा.

## टप्पा ४: गोळ्यांची वेळ, इथेच सगळं बिनसतं

मावशीच्या चार स्ट्रिप्स टेबलावर मांडल्या आणि विचारलं, कुठली कधी घेतेस? "सकाळी कॉफीबरोबर. एकदम. म्हणजे विसरायला नको."

आठवड्याची हाडांची गोळी. अलेंड्रोनेट, सहसा ७० मिलिग्रॅमची. हाडांची झीज थांबवणारं हे औषध मुळातच फार कमी शोषलं जातं. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घेतलं तरी शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही. कॉफीबरोबर घेतलं तर त्या तुटपुंज्या भागातूनही सुमारे ६० टक्के कमी होतात. दूध-बिस्किटाबरोबर घेतलं तर जवळजवळ काहीच उरत नाही. मावशी दहा महिने दर रविवारी ती दुधाच्या कॉफीबरोबर घेत होती. तिचं म्हणणं, "पाण्याबरोबर ती घशात अडकते गं, कॉफीने कशी सरकते." गोळी घेऊन ती वर्तमानपत्र घेऊन पलंगावर आडवी व्हायची.

दोन्ही गोष्टी उलट्या. गोळी उठल्याबरोबर, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याने घ्यायची. नंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी गोळी नाही, आणि बसून किंवा उभं राहायचं. आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेला चिकटून तिथे जखम करू शकते. गोळी अडकते असं वाटणं, गिळताना किंवा छातीत दुखणं ही डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायची तक्रार आहे, कॉफीने सरकवायची नाही. रायसेड्रोनेटची सर्वसाधारण गोळी घेणाऱ्यांनाही हेच लागू.

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. कॅफीनने लघवीवाटे नेलेले पंचवीस मिलिग्रॅम एका बाजूला आणि दहा महिने वाया गेलेलं औषध दुसऱ्या बाजूला.

कॅल्शियमची गोळी. इथे गफलत लेबलवर होते. '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च असतं. 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम' असेल तर सुमारे २१०. मागच्या बाजूला 'एलिमेंटल' या शब्दापुढचा आकडा वाचा आणि तोच वहीत धरा.

कार्बोनेटची गोळी विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं, म्हणून ती जेवणात घ्यायची. सकाळी रिकाम्या पोटी कॉफीबरोबर घेतली तर ती कॉफीमुळे 'जळत' नाही. वाया जाते ती पोट रिकामं असल्यामुळे. रोज ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनी सायट्रेट घ्यावं का, हे डॉक्टरांना विचारावं, ते जेवणाशिवायही चालतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं तर वाढीव भाग नीट शोषला जात नाही. मावशी दोन गोळ्या एकदम घेत होती. तिसऱ्या टप्प्यातला आकडा पाहून तिच्या डॉक्टरांनी दोनची एक केली, दुपारच्या जेवणात. रोजचा दिवस काही कागदासारखा जात नाही, म्हणून ती एक ठेवली.

थायरॉइडची गोळी. ही पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने आणि कॅल्शियम चार तासांनी. रविवारी थायरॉइड आणि हाडांची गोळी दोन्ही सकाळी येत असतील तर क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने लावू नका.

व्हिटॅमिन डी. साठ हजार युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच असते. संपल्यावर दुकानातून स्वतःहून आणून वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि आठवड्याची रोज घेतलेलीही एक पाहिली. दोन्हींत रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. उलट डी फारच कमी असेल तर टप्पा ३ मधलं दूध-नाचणी पुरेसं अंगी लागणार नाही, म्हणून तपासणी टाळू नका.

तपासा: फ्रिजवर कागद लावा. उठल्यावर, न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असे चार रकाने, प्रत्येकात गोळीचं नाव आणि 'पाणी' की 'जेवण'. ज्या रकान्यात 'कॉफी' शब्द आला तो खोडा.

## टप्पा ५: आता कॉफी

मावशीला ४६० वरून ३०० च्या आत यायचं होतं. पाचाचे दोन मग करायची तिची तयारी होती. मी एकच काढायला सांगितला.

पहिला काढायचा तो रात्रीचा, सकाळचा नाही. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री साडेआठच्या कॉफीतलं निम्मं दीड वाजता अंगात असतं. झोप तुटते, लघवीला उठणं होतं आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना पाय घसरतो. ठिसूळ हाड पडल्यावर मोडतं, आणि पडणं कमी करण्याच्या दृष्टीने हा एक मग बाकी चारांपेक्षा महत्त्वाचा आहे.

त्याजागी तेवढंच गरम दूध, जायफळ किसून. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायची पद्धत आहेच, त्यामुळे वास ओळखीचा राहतो. इथे सावध राहा: दुधाचा मग काढला की त्यातलं दूधही जातं. कॉफी कमी करून कॅल्शियम घटवायचं नसेल तर काढलेल्या प्रत्येक मगातलं दूध दुसरीकडे लिहून दाखवा.

एक मग गेला, ८४ कमी झाले. पुढे चार दिवसांनी एका मगातला शिगेचा चमचा सपाट केला. आणखी चार दिवसांनी दुसरा, असं करत चारही. सपाट चमचा १.८ ग्रॅमचा, म्हणजे ५४ मिलिग्रॅम. चार मगांचे २१६ आणि चहाचे ४० मिळून २५६. चारही मग राहिले, आकडा मर्यादेच्या आत आला. तिसऱ्या मगापर्यंत तिला चवीतला फरक कळलाही नव्हता. चौथ्याला म्हणाली, "आज कॉफी पांचट का लागते?"

एकदम बंद केलं असतं तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागलं असतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवडाभर रेंगाळलं असतं. हा आजार नव्हे, पण बहुतेकींची माघार इथेच होते. हळूहळू उतरूनही डोकं दुखलं तर त्याच पायरीवर आणखी चार दिवस थांबा.

कॅफीन काढलेली कॉफी चालते. चिकोरीचं प्रमाण जास्त असलेली पावडरही. कोल्ड कॉफीच्या ग्लासात दूध असतं म्हणून ती बरी, असं कुणी म्हणालं तर आधी साखरेचे चमचे मोजा.

## टप्पा ६: मोजमाप, आणि ते कशावर करायचं नाही

सोसायटीत किंवा औषधाच्या दुकानाबाहेर टाच मशिनमध्ये ठेवून होणारी फुकट तपासणी निदानासाठी धरू नका. त्यावरून घाबरूही नका, निश्चिंतही होऊ नका. हाडांची घनता मोजायची ती डेक्सा या तपासणीत, कंबरेचे मणके आणि खुबा अशा दोन्ही जागी. रिपोर्टमध्ये 'टी स्कोअर' पाहा: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. मावशीप्रमाणे साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर स्कोअर बरा दिसला तरी डॉक्टर उपचार सुरू करू शकतात.

साठीनंतर मणक्यांची झीज होऊन तिथे हाडाची कडा वाढते आणि मणक्याचा आकडा खोटा चांगला येतो. मणका 'बरा' आणि खुबा 'वाईट' असा रिपोर्ट आला तर विश्वास खुब्यावर ठेवा.

पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा, सहसा एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच केंद्रात त्याच मशिनवर. तीन महिन्यांनी करून "कॉफी कमी केली तरी काही फरक नाही" असं म्हणणं व्यर्थ आहे, कारण हाडाचा बदल तेवढ्यात मशिनला दिसत नाही. मशिन बदललं तर दोन आकड्यांतला फरक हाडाचा की मशिनचा, हे सांगता येत नाही.

मधल्या काळात घरी करता येण्यासारखं एकच मोजमाप आहे: उंची. दर सहा महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून, त्याच भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त फरक निघाला, किंवा काही उचलताना, खोकताना पाठीत अचानक कळ येऊन ती राहिली, तर पुढच्या डेक्साची वाट पाहू नका. मणका न पडताही दबून मोडू शकतो आणि तो साध्या एक्स-रेत दिसतो.

मावशीची पेन्सिलची खूण स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, फ्रिजवरच्या कागदाच्या समोर. रविवारचा पहिला रकाना तिने लाल पेनाने लिहिला आहे: 'फक्त पाणी. पेपर खुर्चीत बसून.'